दात काढले त्याच दिवशी कवळी बसवली, मग अडीच महिन्यांत ती सैल का झाली?

आईचे वरचे उरलेले सगळे दात काढून त्याच दिवशी कवळी बसवली. पहिले दोन-तीन आठवडे चांगली घट्ट होती. आता अडीच महिने झाले, तर बोलताना खाली येते, खाताना मागून सुटते. डॉक्टर म्हणतात, आत्ता मऊ अस्तर लावू आणि सहा महिन्यांच्या आसपास पक्कं रिलायनिंग करू, त्याचे पैसे वेगळे. पहिल्यांदाच नीट माप घेऊन का नाही केली? आम्हाला फसवतायत का? आणि पक्कंच करायचं असेल तर आत्ताच का नको?

तुमच्या डॉक्टरांचा क्रम बरोबर आहे. अडीच महिन्यांत सैल होणं हे या प्रकारच्या कवळीच्या बाबतीत ठरलेलंच असतं. रिलायनिंग, म्हणजे कवळीच्या हिरडीकडच्या बाजूला नवा थर चढवणं, लागणार आणि त्याचे पैसे वेगळे पडणार, हे मात्र दात काढायच्या आधी सांगायला हवं होतं. ते सांगितलं नसेल तर तुमची तक्रार रास्त आहे. बाकीचं नीट समजायचं तर ही कवळी बनते कशी, तिथून सुरुवात करावी लागेल, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

नेहमीच्या कवळीचं माप बऱ्या झालेल्या, दात नसलेल्या हिरडीचं घेतात. तुमच्या आईंच्या कवळीचं माप घेतलं तेव्हा तोंडात दात होते. म्हणजे ज्या हिरडीवर कवळी बसणार होती, ती हिरडी अजून जन्मालाच यायची होती. अशा वेळी आम्ही दंतवैद्य तोंडाच्या मापावरून केलेल्या प्लास्टरच्या मॉडेलवर दात ‘काढतो’ आणि दात गेल्यावर हिरडी कशी दिसेल याचा अंदाज करून ते मॉडेल कोरतो. कवळी त्या अंदाजावर तयार होते. अंदाज कितीही अनुभवी माणसाचा असला तरी तो अंदाजच.

माझ्याकडचा एक रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून सांगतो, म्हणजे महिन्यांचा हिशोब लागेल. एकसष्ट वर्षांचे वकील. खालचे दात बहुतेक सगळे शाबूत, वरचे मात्र पायोरियाने हलायला लागलेले. दात काढून, जखमा भरू देऊन, दोन-तीन महिने बोळक्या तोंडाने थांबून मग कवळी करायची, हा मार्ग त्यांनी ऐकताक्षणी नाकारला. रोज उभं राहून बोलायचं काम, तिथे तोंडात पुढचे दात नाहीत ही कल्पनाच त्यांना सहन होईना. म्हणून काम दोन टप्प्यांत केलं. आधी वरच्या तीन दाढा काढल्या आणि सहा आठवडे थांबलो. मागची हिरडी तेवढ्यात बऱ्यापैकी भरते, आणि कवळीला मागे तरी टेकायला खरी जमीन मिळते. पुढचे सहा दात आणि दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ, असे आठ दात शेवटच्या दिवसासाठी ठेवले. सगळे दात एकाच बैठकीत काढूनही कवळी बसवतात, पण मग अंदाजाचा भाग आणखी वाढतो, आणि ती कवळी तात्पुरतीच धरून काही महिन्यांनी नवी करायची असं बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं.

माप घेतल्यावर मी प्रत्येक दाताभोवती बारीक मोजपट्टी घालून हिरडी दातापासून किती खोल सुटली आहे ते मोजलं. हिरडी वरून छान दिसते, पण आत पाच मिलिमीटरची पोकळी असेल तर तिथलं हाड आधीच पाच मिलिमीटर मागे गेलेलं असतं. दात निघाला की तिथली हिरडी तेवढी खाली बसते. हे आकडे पेन्सिलीने मॉडेलवर लिहिले. मग एकेक दात हिरडीच्या रेषेत कापला, ओठाकडची कड त्या आकड्यांनुसार उतरती केली आणि टोकं गोल केली. एक दात कापला की त्याच्या जागी कवळीचा दात मेणात बसवायचा, मग पुढचा कापायचा. असं केल्याने मूळ दातांची जागा आणि तिरपेपणा हरवत नाही. वकीलसाहेबांचा एक पुढचा दात किंचित आडवा होता, तो त्यांच्या आग्रहावरून कवळीतही तसाच ठेवला. या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. पुढचे दात मेणात लावून ते तोंडात कसे दिसतात हे आधी बघता येत नाही, कारण तिथे अजून खरे दात उभे असतात. आरशात पहिलं दर्शन घडतं ते थेट दात काढल्यावरच.

कोरलेल्या मॉडेलवर कवळीबरोबरच पारदर्शक प्लास्टिकची एक पट्टीही करून घेतो. आठ दात निघाल्यावर ती पट्टी जखमेवर दाबून बसवली. जिथे हाड जास्त वर असतं तिथली हिरडी पट्टीतून पांढरीफटक दिसते, कारण दाबाने तिथलं रक्त सरकतं. त्यांच्या उजव्या सुळ्याच्या जागी असा पांढरा ठिपका दिसला. सुळ्याचं मूळ लांब, त्यावरचा हाडाचा उंचवटा ठळक, त्यामुळे हे नेहमीचंच. कानस घेऊन हाडाची धार गोल केली, पट्टी पुन्हा दाबली, पांढरेपणा गेला. हाड मी शक्य तितकं कमी काढतो. काढलेलं हाड परत येत नाही, आणि पुढच्या काही महिन्यांत ते आपणहून कमी होणारच असतं. मग टाके, आणि टाक्यांवर कवळी. चावा त्या दिवशी जेमतेमच जुळवला, कारण तोंड बधिर असलेला माणूस दात वेडेवाकडे मिटतो. त्यावर विश्वास ठेवून चावा घासला तर दुसऱ्या दिवशी तो चुकलेला निघतो.

पहिल्या दिवसाचा एक नियम मी लिहून देतो आणि तरी फोन येतोच. चोवीस तास कवळी तोंडातून काढायची नाही. माणसाला वाटतं, दुखतंय म्हणजे काढून ठेवावी. पण सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. काढून ठेवलेली कवळी अशा सुजलेल्या हिरडीवर परत बसत नाही, आणि मग सूज उतरेपर्यंत ती डबीत पडून राहते. तोंडातच राहिली तर ती बँडेजसारखं काम करते. रक्ताच्या गुठळीवर झाकण राहतं आणि सुजेलाही थोडा आवर बसतो. त्या दिवशी चुळा भरायच्या नाहीत, थुंकायचं नाही, गार किंवा कोमट आणि पातळ खायचं. लाळेत किंचित लाली दिसणं ठीक. तोंड पुन्हापुन्हा ताज्या रक्ताने भरत असेल तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा.

दुसऱ्या दिवशी कवळी मी स्वतः काढतो. वकीलसाहेबांच्या उजव्या सुळ्याच्या वर, जिथे कवळीची कड हाडाच्या फुगवट्याखाली जात होती, तिथे लाल चट्टा उठला होता. कवळीच्या आतल्या बाजूला पांढरं पेस्ट लावून ती परत बसवली. काढल्यावर ज्या जागी पेस्ट पुसली गेली होती, तेवढीच जागा घासली. रुग्णाने बोट दाखवलं म्हणून अंदाजाने घासत सुटणं हा कवळी बिघडवायचा खात्रीचा मार्ग आहे, कारण तोंडात बोटाला जाणवणारी जागा आणि कवळीवरची जागा यांत फरक पडतो. पहिला आठवडा रात्रीही कवळी तोंडातच राहिली. दिवसातून काही वेळा काढून, धुऊन, कोमट मिठाच्या पाण्याने तोंड स्वच्छ करून लगेच परत. आठव्या दिवशी टाके काढले आणि रात्री कवळी पाण्यात ठेवायला सांगितलं. तेव्हा ती इतकी घट्ट होती की ते म्हणाले, “डॉक्टर, उगाच घाबरवलंत.” मी म्हटलं, महिन्याभराने बोलू.

घट्ट का होती? एक तर अंदाज बरा जमला होता. दुसरं म्हणजे हिरडी अजून सुजलेली होती आणि सुजेने कवळीखालची जागा भरून काढली होती. सूज उतरणं हा सैल होण्याचा पहिला टप्पा. तो दोन-तीन आठवड्यांत संपतो आणि त्याचा हाडाशी फारसा संबंध नसतो.

दुसरा टप्पा हाडाचा. दात काढल्यावर खोबणीत रक्ताची गुठळी होते. आठवड्याभरात तिथे लाल, मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेला मांसल भाग येतो. तीन ते पाच आठवड्यांत वरून हिरडी मिटते आणि रुग्णाला वाटतं, भरलं. आत मात्र काम चालूच असतं. सहा-आठ आठवड्यांत खोबणीत कोवळं, जाळीदार हाड भरतं, आणि ते पक्कं व्हायला पुढे कित्येक महिने जातात. खोबण आतून भरत असते त्याच काळात तिच्या भिंती बाहेरून झिजत असतात. लोकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट हीच.

याचं कारण असं. दात हाडात सिमेंटने चिकटवलेला नसतो, बारीक तंतूंनी टांगलेला असतो. ज्या हाडात हे तंतू रुतलेले असतात तो खोबणीचा आतला थर दातासाठीच असतो. दात गेला, तंतू गेले, की शरीर तो थर शोषून घेतं. वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडची भिंत बऱ्याच जणांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. म्हणजे ती जवळजवळ सगळी त्या थराचीच बनलेली असते, म्हणून तीच आधी आणि जास्त ढासळते. टाळूकडची भिंत जाड असते, ती बरीच टिकते. परिणाम असा की वरचा जबडा ओठाकडून आत सरकतो आणि थोडा वर उचलला जातो. एकेक दाढ किंवा उपदाढ काढलेल्या रुग्णांचा एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात हाडाच्या उंचवट्याची रुंदी बारा महिन्यांत जवळपास निम्मी झाली, आणि त्यातली सुमारे दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतली होती. तुमच्या आई आत्ता याच तीन महिन्यांच्या शेवटाकडे आहेत. सर्वांत वेगाने बदलणारा काळ नुकता त्यांच्या कवळीखालून गेलाय.

मिलिमीटरभराने एवढा फरक का पडावा, असं वाटेल. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून ओढून बघा, सुटत नाहीत. मध्ये एखादी काडी सरकवली की सहज सुटतात. वरची कवळी लाळेच्या अशाच पातळ थरावर धरलेली असते, आणि सभोवती कडेने हवा आत शिरू नये अशी बांधणी असते. पुढची हिरडी मागे सरकली की कवळीची पुढची कड आणि हिरडी यांत फट पडते. लाळेचा थर जाड होतो, हवा शिरते आणि पकड जाते. म्हणून सैलपणा हळूहळू न जाणवता एखाद्या आठवड्यात अचानक जाणवतो. वकीलसाहेबांना तो पाचव्या आठवड्यात जाणवला. तपासताना मी त्यांचे पुढचे दात अंगठ्याने हलकेच बाहेर ढकलले आणि मागची बाजू टाळूपासून सुटली. त्यांना साठ ते सत्तर मोजायला सांगितलं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करत सगळे ‘स’ आणि ‘ष’ ओळीने येतात. चौसष्टला कवळी खाली येऊन खालच्या दातांवर टकटक वाजली. आईंना घरी एकदा मोजायला लावा. नुसती ढिली कवळी अशीच वाजते.

आता मऊ अस्तर म्हणजे काय. पावडर आणि एक द्रव मिसळून ते घट्टसर पाकासारखं झालं की कवळीच्या आतून थर देतात आणि कवळी तोंडात बसवून दात हलके मिटायला सांगतात. काही मिनिटांत त्याची मऊ जेल होते. तिचा गुण असा की ती बसल्यावरही काही दिवस अगदी संथपणे सरकत राहते, त्यामुळे हिरडीचा दाब सगळीकडे सारखा वाटला जातो आणि चोळवटलेल्या हिरडीला आराम मिळतो. पण द्रवात अल्कोहोल आणि मऊपणा देणारं तेलासारखं रसायन असतं. ती दोन्ही लाळेत हळूहळू निघून जातात आणि अस्तर कडक, खडबडीत होतं. खडबडीत पृष्ठभागावर बुरशी धरते. म्हणून ते एक-दोन आठवड्यांनी बघायचं आणि खराब झालं की काढून नवं लावायचं. ‘एकदा लावलं, आता सहा महिने बघायला नको’ असं चालत नाही. या अस्तरावर कडक ब्रश घासू नका, गरम पाणी वापरू नका आणि पाण्यात फेसाळणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाकू नका. थंड पाण्याखाली साबणाच्या बोटाने हलकं धुणं पुरे. वकीलसाहेबांना पाचव्या आठवड्यापासून साडेपाच महिन्यांपर्यंत असे पाच थर बदलले. पहिले दोन लवकर, नंतरचे लांबवून, कारण हाडाचा वेगही तसाच मंदावत होता.

तुमचा शेवटचा प्रश्न, पक्कं आत्ताच का नको. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून घेतलाय. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंना सातव्या आठवड्यात पक्कं रिलायनिंग करून दिलं. त्यांना लांबच्या प्रवासाला जायचं होतं, सारखं येणं जमणार नव्हतं, आणि मीही ‘हो’ म्हणून गेलो. कवळी झकास बसली. पाचव्या महिन्यात परत सैल. पुन्हा रिलायनिंग केलं. आता खरी अडचण पुढे आली. प्रत्येक वेळी आतून नवा थर चढतो. मी जुना भाग पुरेसा घासला नव्हता, त्यामुळे दोन्ही वेळा कवळी थोडी खाली आणि थोडी पुढे आली. दात मिटल्यावर चेहऱ्याची उंची वाढली, ओठ मिटायला ताण पडू लागला आणि ‘स’ म्हणताना दात वाजू लागले. ही वेगळी टकटक. या वेळी कवळी सैल नव्हती, ती तोंडात जास्तच जागा घेत होती. शेवटी नवी कवळी माझ्या खर्चाने करून दिली. तेव्हापासून पक्कं रिलायनिंग मी सर्वसाधारणपणे पाच-सहा महिन्यांच्या अलीकडे करत नाही. काही डॉक्टर तीन महिन्यांनंतर करतात. दात टप्प्याटप्प्याने काढलेले असतील आणि हिरडी स्थिरावली असेल तर ते चूक नाही, मात्र पुन्हा करावं लागण्याची शक्यता जास्त धरावी.

पक्क्या रिलायनिंगचा दिवस कसा असतो तेही सांगतो, कारण त्यात आईंना तयारी करावी लागेल. आदल्या रात्री कवळी काढून ठेवायची, जमल्यास पूर्ण दिवस, म्हणजे दाबली गेलेली हिरडी मूळ आकारात येते. दाबलेल्या हिरडीचं माप घेतलं तर नव्या अस्तरात तोच दाब कायमचा गोठतो. मग डॉक्टर मऊ अस्तर पूर्ण खरवडून काढतात, आतून दीड-दोन मिलिमीटर अॅक्रिलिक घासतात, हाडाच्या फुगवट्याखाली अडकणारे भाग काढतात आणि कडा थोड्या आखूड करतात. टाळूच्या भागात एक-दोन भोकं पाडतात. ती नसली तर मापाचं साहित्य टाळूखाली कोंडतं आणि कवळी पुढे ढकलली जाते. माझ्या त्या बाईंच्या बाबतीत हेही राहून गेलं होतं. गरम केल्यावर मऊ होणाऱ्या हिरव्या कांडीने कडा गाल-ओठ हलवत घडवायच्या, त्यानंतर पातळ मापाचं साहित्य भरून दात हलके मिटवून माप घ्यायचं. म्हणजे कवळी स्वतःच मापाचा ट्रे होते. मग ती लॅबमध्ये जाते. मापाची जागा नवं अॅक्रिलिक घेतं, आणि मागे टाळूच्या मऊ भागाशी हवा अडवणारी बारीक रेघ पुन्हा उठवली जाते. हे बहुधा त्याच दिवशी होत नाही. एक दिवस आई बिनदाताच्या राहतील हे आधी ठरवून घ्या. आल्यावर निळ्या कागदाने चावा तपासून घासणं हा कामाचाच भाग आहे. ते न करता ‘बसली छान, जा’ म्हटलं, तर नव्या अस्तराखाली आठवड्यात फोड येईल.

वकीलसाहेबांचं रिलायनिंग सहाव्या महिन्यात झालं. करण्याआधी मी दोन गोष्टी तपासल्या होत्या. दातांची उंची बरोबर होती का, आणि बोलताना ‘फ’, ‘व’ म्हणताना वरच्या दातांची धार खालच्या ओठाला पूर्वीसारखी लागत होती का. दोन्ही ठीक होत्या, म्हणून तीच कवळी टिकवण्यात अर्थ होता. दात जास्त दिसतात, चावा चुकतो, मधली रेघ सरकली आहे, अशा तक्रारी असत्या तर रिलायनिंगचे पैसे वाया गेले असते. अस्तर फक्त हिरडीकडची बाजू बदलतं, दात तिथेच राहतात. तशा वेळी नवी कवळी आणि ही जुनी राखीव ठेवायची. आईंच्या डॉक्टरांना सहाव्या महिन्यात नेमकं हेच विचारा: याच कवळीला अस्तर, की नवी?

खालच्या कवळीबद्दल थोडक्यात. तिला टाळूचा आधार नाही, जिभेचा धक्का सतत असतो, आणि झीज कितीतरी जास्त. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या 25 वर्षांच्या पाठपुराव्यात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली होती. म्हणून खाली रिलायनिंग लवकर आणि वारंवार लागतं. तुमच्या आईंचं फक्त वरचं आहे, त्या मानाने हे सोपं.

तोवर घरी काय करायचं. चिकटवणारी पेस्ट थोड्या दिवसांसाठी चालते, पण वाटाण्याएवढे दोन-तीन ठिपके लागत होते तिथे अर्धी ट्यूब लागायला लागली की अस्तर बदलायची वेळ झालेली असते. काही पेस्टमध्ये जस्त असतं. महिनोन् महिने भरमसाट वापरल्याने शरीरातलं तांबं कमी होऊन नसांना इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून बिनजस्ताची घ्या. घरी लावायचं तयार अस्तर मिळतं, ते नको. ते असमान बसतं, चावा बिघडवतं आणि नंतर खरवडताना कवळीच चिरते. कानशीने स्वतः घासणं तर अजिबात नको.

सैल कवळी तशीच वर्षभर चालवणारे लोकही मी बघतो. ती सतत पुढेमागे होत राहते आणि तिच्या कडेशी ओठाच्या आत हिरडीची जाड, न दुखणारी घडी वाढते. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही, आणि कवळी काही आठवडे बंद ठेवूनही ती बसली नाही तर कापून काढावी लागते. वर कवळी आणि खाली फक्त पुढचे सहा दात उरलेत, अशा माणसांच्या वरच्या जबड्याचं पुढचं हाड आणखी जास्त झिजतं आणि तिथे हाताला लुटलुटणारी हिरडी उरते. आईंचे खालचे दात किती आणि कुठले आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. मागच्या दाढा नसतील तर खाली मागे दात बसवण्याबद्दल रिलायनिंगच्या आधीच बोलून घ्या.

लगेच दाखवायच्या गोष्टी अशा. दात काढल्याला सहा-आठ आठवडे उलटूनही उघडं, पिवळट, खरखरीत हाड जिभेला लागत असेल तर त्यावर कवळी घालू नका. आई हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं किंवा गोळ्या घेत असतील, किंवा जबड्यावर कधी रेडिएशन झालं असेल, तर हे फारच लवकर दाखवा, आणि दंतवैद्यांना त्या औषधाचं नाव सांगा. कवळीची धार घासूनही दोन आठवड्यांत न भरणारा फोडही दाखवायचाच. हिरडी कवळीच्या आकारात लालभडक दिसत असेल तर बहुधा बुरशी. त्यासाठी औषध, आणि रात्री कवळी पाण्यात ठेवणं.

वकीलसाहेब रिलायनिंगनंतर आठवड्याने आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच साठपासून मोजायला लागले. सत्तरपर्यंत काही वाजलं नाही. पुढची तपासणी वर्षाने ठेवली, कारण हाडाची झीज मंदावते, पण थांबत नाही, आणि काही वर्षांनी हेच अस्तर पुन्हा लागेल हे त्यांना या वेळी मी आधीच लिहून दिलंय.